शंभर भरले, तरी आकडा चुकला

२०११च्या जनगणनेतील धर्मनिहाय लोकसंख्या केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर केली. जनगणनेच्या भाषेत हा सी-१ क्रमांकाचा तक्ता. त्यात प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येची आठ गटांत विभागणी आहे: सहा मोठे धर्म, 'इतर धर्म व पंथ' आणि 'धर्म न सांगितलेले'. मूळ तक्त्यात माणसांची संख्या असते. ती लेखात, पाठ्यपुस्तकात किंवा अहवालात उतरवून घेताना टक्केवारी काढली जाते, दशांश स्थळे कमी केली जातात, लहान गट एकत्र केले जातात. शेवटी बेरीज मारून पाहतात. १०० आली की तक्ता बरोबर, नाही आली की कुठेतरी घोळ, असे बहुतेक जण धरून चालतात. हा समज किती धोक्याचा आहे, ते महाराष्ट्राच्याच आकड्यांवर दाखवता येते.

| गट | लोकसंख्या | टक्के (दोन स्थळे) | टक्के (एक स्थळ) |
|---|---|---|---|
| हिंदू | ८,९७,०३,०५७ | ७९.८३ | ७९.८ |
| मुस्लिम | १,२९,७१,१५२ | ११.५४ | ११.५ |
| बौद्ध | ६५,३१,२०० | ५.८१ | ५.८ |
| जैन | १४,००,३४९ | १.२५ | १.२ |
| ख्रिस्ती | १०,८०,०७३ | ०.९६ | १.० |
| शीख | २,२३,२४७ | ०.२० | ०.२ |
| इतर धर्म व पंथ | १,७८,९६५ | ०.१६ | ०.२ |
| धर्म न सांगितलेले | २,८६,२९० | ०.२५ | ०.३ |
| एकूण | ११,२३,७४,३३३ | १००.०० | १००.० |

दोन्ही टक्केवाऱ्यांची बेरीज चोख शंभर येते. आता समजा, पानावर जागा कमी आहे, म्हणून शेवटच्या तीन ओळी एकत्र करून 'इतर' अशी एकच ओळ करायची ठरली. एका दशांश स्थळाचा रकाना समोर आहे. ०.२, ०.२ आणि ०.३ मिळून ०.७. नव्या सहा ओळींची बेरीज १००.० भरते. तक्ता छापायला जातो.

पण त्या तीन गटांतली माणसे मोजा. ती होतात ६,८८,५०२. राज्याच्या लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण ०.६१२७ टक्के, म्हणजे एका स्थळापर्यंत ०.६. छापलेला ०.७ हा आकडा या गटात सुमारे ९८ हजार माणसे जास्तीची दाखवतो. आणि ०.७च्या जागी बरोबर आकडा, म्हणजे ०.६ लिहिला, तर सहा ओळींची बेरीज ९९.९ होते. चुकीच्या आकड्याने शंभर भरतात, बरोबर आकड्याने भरत नाहीत.

असे का होते, ते एकेका ओळीत काय कापले गेले आणि काय वाढवले गेले ते पाहिले की कळते. हिंदूंचे खरे प्रमाण ७९.८२५२, ते ७९.८ केले तेव्हा ०.०२५२ कापले गेले. मुस्लिमांच्या ओळीत ०.०४२८, बौद्धांच्या ०.०१२०, जैनांच्या ०.०४६१ कापले गेले. उलट ख्रिस्तींचे ०.९६११ होते, त्याचे १.० करताना ०.०३८९ वाढले. आठ ओळींच्या तक्त्यात शीख, इतर आणि न सांगितलेले या तिन्ही ओळीही वर ढकलल्या गेल्या होत्या. कापलेल्याची बेरीज ०.१२६१ आणि वाढवलेल्याचीही ०.१२६१, म्हणून शंभर जुळले होते. तीन ओळी एक केल्यावर ती एकत्र ओळ ०.६१२७ वरून ०.६ झाली, म्हणजे तीही कापणाऱ्यांच्या बाजूला गेली. आता सहापैकी पाच ओळी खाली आल्या, एकच वर गेली. निव्वळ तूट ०.१. यात कोणाची चूक झालेली नाही. प्रत्येक आकडा आपापल्या जागी शक्य तितका खरा आहे, फक्त बेरजेला शंभर गाठायची सोय राहिलेली नाही.

म्हणून लिप्यंतर करणाऱ्याने, संकलकाने किंवा मुद्रितशोधकाने पहिली गोष्ट धरून ठेवावी ती ही की, आधी माणसे मिळवायची, मग टक्के काढायचे आणि पूर्णांकन अगदी शेवटी, एकदाच करायचे. पूर्णांकित आकड्यांची बेरीज करून नवी ओळ कधीही बनवू नये.

आता कोणी विचारेल, की हे वारंवार होते की क्वचित? फ्रेडरिक मॉस्टेलर, क्लिओ यूट्झ आणि डग्लस झान या तीन संख्याशास्त्रज्ञांनी १९६७ साली 'डेमोग्राफी' या लोकसंख्याविषयक नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेतला होता. तक्त्यात दोनच ओळी असतील तर बेरीज जवळजवळ नेहमी जुळते, कारण एक जितकी खाली येते तितकीच दुसरी वर जाते. तीन ओळी झाल्या की सरासरी चारातल्या तीन तक्त्यांतच शंभर भरतात. चार ओळींसाठी हे प्रमाण तिनात दोन आहे. ओळी वाढतील तसे ते घसरत जाते आणि आठ ओळींना निम्म्याच्याही किंचित खाली येते. म्हणजे आठ गटांचा प्रामाणिकपणे केलेला तक्ता शंभरावर अचूक बसण्याची शक्यता आणि न बसण्याची शक्यता जवळपास सारखीच. कोणाच्या पुस्तकात एकामागून एक सगळे मोठे तक्ते शंभर टक्के जुळत असतील, तर माझी शंका उलट वाढते. तिथे कोणीतरी आकडे बसवलेले असण्याचीच शक्यता जास्त.

संपूर्ण भारताचा तक्ता घेतला तर ही गोष्ट प्रत्यक्ष दिसते. एकूण लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. दोन दशांश स्थळांपर्यंत हिंदू ७९.८०, मुस्लिम १४.२३, ख्रिस्ती २.३०, शीख १.७२, बौद्ध ०.७०, जैन ०.३७, इतर धर्म व पंथ ०.६६ आणि धर्म न सांगितलेले ०.२४. यातला एकेक आकडा बरोबर आहे. बेरीज मात्र १००.०२ आहे. गंमत अशी की एकाच दशांश स्थळावर थांबलो तर हेच आकडे ७९.८, १४.२, २.३, १.७, ०.७, ०.४, ०.७ आणि ०.२ होतात आणि बेरीज १००.० येते. स्थळे वाढवली की बेरीज सुधारते असा काही नियम नाही. पुरते पूर्णांक केले तर ८०, १४, २, २, १, ०, १, ० होतात. बेरीज पुन्हा शंभर, पण ४४ लाख ५१ हजार जैन तक्त्यात शून्य होऊन बसतात. तेव्हा कुठे थांबायचे हे बेरजेवरून ठरवू नये. सर्वांत लहान गट वाचकाला दिसतो का, यावरून ठरवावे.

त्या १००.०२ मधल्या दोन शतांशांचे काय करतात? मी पाहिलेल्या कच्च्या तक्त्यांत दोन पद्धती सर्रास आढळतात. एक म्हणजे सर्वांत मोठ्या ओळीतून जास्तीचे काढून घेणे. ७९.८०चे ७९.७८ करायचे. मोठ्या आकड्याला एवढे काय जाणवणार, असा त्यामागचा विचार. पण खरे प्रमाण ७९.७९९६ आहे. त्याचे ७९.७८ हे कोणत्याच नियमाने होत नाही. भारताच्या लोकसंख्येत दोन शतांश टक्का म्हणजे २ लाख ४२ हजार माणसे. ती हिंदूंमधून वजा झाली आणि त्याचा कोठेही उल्लेख नाही.

दुसरी पद्धत याहून वाईट. शेवटची ओळ मोजायचीच नाही. १००मधून वरच्या सात ओळी वजा करायच्या आणि उरेल ते 'न सांगितलेले' म्हणून लिहायचे. इथे ते ०.२४ऐवजी ०.२२ येते. हा आकडा चुकला हे तर आहेच. त्याहून मोठे नुकसान असे की, तक्त्याचा ताळाच मेला. वर एखादी ओळ उतरवताना १४.२३चे १४.३२ झाले असते, तरी शेवटची ओळ ती चूक मुकाट्याने गिळून टाकते आणि खाली शंभर भरलेलेच दिसतात. वजाबाकीने काढलेल्या ओळीच्या तक्त्यात बेरीज पाहण्याला काही अर्थ उरत नाही. कोणा दुसऱ्याचा तक्ता हाती आला आणि 'इतर' ही ओळ शेवटी असेल, तर मी सर्वांत आधी तिचीच मूळ संख्या शोधतो.

काही ठिकाणी मात्र शंभर भरणे खरोखर आवश्यक असते. एखाद्या नमुना अर्जात संगणक १००.०० नसलेली बेरीज स्वीकारतच नाही, किंवा निधीची वाटणी टक्क्यांवरून व्हायची असते. तेव्हा वापरायची रीत जुनी आहे आणि सांगता येण्याजोगी आहे. प्रत्येक आकड्याचे दोन स्थळांपुढचे सगळे छाटून टाकायचे, वर ढकलायचे नाही. भारताच्या तक्त्यात असे केले तर ७९.७९, १४.२२, २.२९, १.७२, ०.६९, ०.३६, ०.६५ आणि ०.२३ उरतात. त्यांची बेरीज ९९.९५, म्हणजे पाच शतांश वाटायचे राहिले. आता छाटलेला भाग कोणाचा सर्वांत मोठा ते पाहायचे. हिंदूंचा ०.९६ शतांश, जैनांचा ०.७७, ख्रिस्तींचा ०.७५, बौद्धांचा ०.७३ आणि न सांगितलेल्यांचा ०.६८. या पाचांना एकेक शतांश द्यायचा. इतर धर्म व पंथ यांचा उरलेला भाग ०.५५ आणि मुस्लिमांचा ०.५१ होता. ते रांगेत थोडक्यात मागे राहिले, म्हणून त्यांचे आकडे ०.६५ आणि १४.२२ असे राहतात. शिखांचे १.७२ तसेच. बेरीज १००.०० भरते आणि एकही आकडा आपल्या खऱ्या किमतीपासून एका शतांशाइतकाही दूर जात नाही. कोणत्या ओळीला हात लागला आणि का, हे एका वाक्यात सांगता येते, हा या रीतीचा मोठा गुण.

ही रीत अमेरिकेत राज्यांना प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी सुचवली होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९२ साली ते विधेयक नाकारले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी वापरलेला तो पहिला नकाराधिकार. पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तीच रीत तिथे वापरात आली. तिच्यातला दोषही जनगणनेच्याच कचेरीत सापडला. १८८०च्या जनगणनेनंतर तिथले मुख्य लिपिक सीटन वेगवेगळ्या आकाराच्या सभागृहांसाठी हिशोब मांडून पाहत होते. २९९ जागांच्या सभागृहात अलाबामा राज्याला आठ जागा मिळत होत्या आणि ३०० जागांच्या सभागृहात सात. एकूण वाढले आणि वाटा घटला. आपल्या तक्त्यापुरता याचा अर्थ इतकाच की, दशांश स्थळे बदलली किंवा एखादी ओळ जोडली वा फोडली, तर आधीच्या वाटणीवर डागडुजी करून चालत नाही. मूळ संख्यांपासून सगळे पुन्हा मांडावे लागते. आणि अशी वाटणी केली असेल तर तक्त्याखाली तसे लिहावे, कारण १४.२३ शोधायला आलेल्या वाचकाला १४.२२ दिसणार आहे.

उतरवून घेण्याच्या कामात आणखी एक सापळा आहे आणि तो महाराष्ट्राच्या तक्त्यातच दडलेला आहे. पुष्कळदा मूळ संख्या हाताशी नसतात. कोणीतरी आधीच दोन दशांश स्थळांची टक्केवारी छापलेली असते आणि आपल्याला एकच स्थळ हवे असते. जैन १.२५, न सांगितलेले ०.२५. शाळेत शिकल्याप्रमाणे पाचाला वर ढकलले तर १.३ आणि ०.३ होतात. बेरीज १००.१. काही संगणकीय भाषांमध्ये नेमका अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जायचा नियम असतो. पायथनमध्ये तो आहे. त्या नियमाने १.२ आणि ०.२ व्हायला हवेत. बेरीज ९९.९. आता खऱ्या किमती पाहा: जैन १.२४६१, न सांगितलेले ०.२५४८. बरोबर उत्तर आहे १.२ आणि ०.३. छापील १.२५च्या पोटात पाचापेक्षा कमी काही होते, छापील ०.२५च्या पोटात जास्त. दोन्ही शेपट्या आधीच्या पूर्णांकनात कापल्या गेल्या. एकदा त्या गेल्या की कोणताही एक नियम दोन्ही ओळी बरोबर करू शकत नाही. संख्या मिळत नसतील तर दोन स्थळे आहेत तशीच ठेवावीत. दिसायला सुटसुटीत म्हणून एक स्थळ कापण्याचा मोह इथे आवरावाच लागतो.

इथवर बोललो ते निर्दोष फरकांबद्दल. खरी लिहिण्यातली चूक त्यांच्यापासून वेगळी कशी ओळखायची, हा रोजच्या कामाचा प्रश्न आहे. त्याला एक सीमा घालता येते. दोन स्थळांपर्यंत पूर्णांकन केले असेल तर एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा शतांश, म्हणजे ०.००५ इतका फरक पडतो. आठ ओळींत सगळे फरक एकाच दिशेने पडले तरी ०.०४. तेव्हा बेरीज ९९.९६ ते १००.०४ यांच्या दरम्यान असेल, तर तो पूर्णांकनाचा परिणाम असू शकतो. भारताचे १००.०२ त्यात आरामात बसते. या सीमेबाहेरची बेरीज पूर्णांकनाच्या नावावर खपवता येत नाही. एका स्थळाच्या तक्त्यात हीच सीमा दहापट, म्हणजे ०.४ होते. तिथे छोट्या चुका लपायला जागा जास्त असते.

समजा, महाराष्ट्राचा दोन स्थळांचा रकाना कोणी उतरवला आणि बेरीज ९९.३७ आली. तूट ०.६३, सीमेच्या कितीतरी बाहेर. हिशोबनीस अशा वेळी तुटीला नवाने भागून पाहतात. ६३ला नवाने पूर्ण भाग जातो, तेव्हा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी पडले असण्याचा संशय घ्यावा. भागाकार सात येतो, म्हणजे त्या दोन अंकांत सातचा फरक असणार. आता उतरवलेल्या रकान्यात दशांश चिन्हापुढचे दोन अंक पाहत जा: ८३, ५४, १८, २५, ९६, २०, १६, २५. सातचा फरक एकाच ठिकाणी आहे, १८मध्ये. बौद्धांची टक्केवारी ५.८१ची ५.१८ झाली आहे. मूळ तक्ता पुन्हा पूर्ण न वाचता चुकीची ओळ सापडते. पण दुरुस्ती करण्याआधी मूळ पानावरचा तो एक आकडा डोळ्यांनी पाहायचाच. नवाचा ताळा संशयाची जागा दाखवतो, पुरावा मूळ पानावर असतो.

देवनागरी अंकांची म्हणून एक वेगळी चूक असते. झिजलेल्या छपाईत किंवा अंधूक छायाप्रतीत १ आणि ९ यांची गल्लत होते. इतर धर्म व पंथ यांचे ०.१६ हे ०.९६ असे वाचले गेले, तर बेरीज १००.८० येते. ८०ला नवाने भाग जात नाही, तेव्हा अंकांची अदलाबदल नाही. एकाच जागी आठचा फरक आला की मी आधी १ आणि ९ तपासतो.

बेरजेच्या ताळ्याला न सापडणाऱ्या चुकाही आहेत. शीख आणि इतर धर्म यांचे आकडे एकमेकांच्या ओळीत गेले, तर बेरीज तशीच राहते. एका ओळीत वाढ आणि दुसऱ्या ओळीत तेवढीच घट झाली, तरी तेच. सी-१ तक्त्यात यावर उपाय आहे, कारण तिथे प्रत्येक गटाच्या संख्या पुरुष-स्त्रिया आणि ग्रामीण-नागरी अशा फोडूनही दिलेल्या आहेत. आडवी बेरीज आणि उभी बेरीज दोन्ही करावी. माणसांच्या संख्यांना पूर्णांकनाची सवलत नसते. एका माणसाचाही फरक आला, तर तिथे चूक आहे. वरच्या तक्त्यातल्या आठ संख्या मिळवून पाहा, ११,२३,७४,३३३च येतील. एवढा कडक ताळा टक्केवारीला कधीच लावता येत नाही. म्हणून उतरवायचेच असेल तर टक्के टाकून संख्या उतरवाव्यात, हे माझे ठाम मत आहे.

संगणकावरच्या तक्त्यात एक भ्रम हटकून होतो. एक्सेलमध्ये रकान्याची मांडणी 'एक दशांश' अशी केली, की पडद्यावर ७९.८ दिसते, पण आत ७९.८२५२… तसेच असते. सहा ओळींच्या त्या तक्त्यात खालचा बेरजेचा घर १००.० दाखवतो, कारण तो आतल्या पूर्ण किमती मिळवतो. पडद्यावर दिसणारे सहा आकडे हाताने मिळवले तर ९९.९ येतात. दिसणारे आकडेच साठवायचे असतील तर पूर्णांकन सूत्रात घालावे लागते:

```
=ROUND(B2/B$8*100,1)
```

आता बेरजेच्या घरातही ९९.९ येईल. दोन्हीपैकी काय छापायचे, यावर वाद होतात. माझ्या मते एकूणच्या ओळीत १००.० छापावे, कारण ते प्रमाण मूळ संख्यांवरून ठरते आणि राज्याची लोकसंख्या ९९.९ टक्केच मोजली गेली, असा अर्थ कोणी काढू नये. त्याखाली एक ओळ लिहावी: 'पूर्णांकनामुळे घटकांची बेरीज एकूण आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही.' रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनांत अशा अर्थाची टीप नेहमी दिसते. फक्त ही टीप लावण्याआधी फरक सीमेच्या आत आहे ना, हे पाहिलेले असावे. ०.६३ची तूट या टिपेखाली झाकली, तर टीपच खोटी ठरते. दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा उतरवत असू, तर त्याने छापलेले एकूणही जसेच्या तसे ठेवावे आणि आपली बेरीज वेगळी आली असेल तर ते टिपेत आपल्या नावाने सांगावे. त्याच्या ओळीत हात घालू नये.

उतरवताना दशांशाच्या शेवटचे शून्यही सांभाळावे लागते. शिखांचे ०.२० संगणक सहज ०.२ करून टाकतो. मग पुढच्या वाचकाला ही ओळ दोन स्थळांची की एका स्थळाची, हे कळत नाही आणि सीमेचा हिशोब तिथेच कोलमडतो. ०.२० म्हणजे ०.१९५ ते ०.२०५ यांच्या मधले काही. ०.२ म्हणजे ०.१५ ते ०.२५ यांच्या मधले काही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पहिल्यात सुमारे ११ हजार माणसांची अनिश्चितता आहे, दुसऱ्यात १ लाख १२ हजारांची. टक्क्यांवरून उलट माणसे काढायला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. एका स्थळाच्या तक्त्यात शीख आणि इतर धर्म व पंथ दोघेही ०.२ आहेत. त्यावरून दोघांची लोकसंख्या २ लाख २५ हजारांच्या आसपास निघते. शिखांच्या बाबतीत ती खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. इतर धर्म व पंथांच्या बाबतीत ती ४५ हजारांहून जास्तीने फुगलेली आहे, आणि त्या रकान्यात हे सांगणारे काहीही नाही.